हाय रिस्क १:१८० आल्यावर: एनआयपीटी, गर्भजल तपासणी आणि सुईची भीती

प्रश्न: माझं वय ३५. साडेबारा आठवड्यांना सोनोग्राफी झाली, एनटी १.७ मिमी आणि बाकी सगळं ठीक. पण डबल मार्करमध्ये डाऊन सिंड्रोमसाठी ‘हाय रिस्क १:१८०’ आलं. आता १३ आठवडे झालेत. डॉक्टर म्हणाल्या, एनआयपीटी ही रक्ततपासणी करा, नाहीतर सोळा आठवड्यांनंतर पोटातून सुई घालून गर्भजल तपासायची अ‍ॅम्निओ. एनआयपीटी ९९ टक्के अचूक असते म्हणतात, मग सुई टोचायची गरजच काय? मागच्या वेळी नवव्या आठवड्यात गर्भपात झाला होता, त्यामुळे सासूबाई सुईला अजिबात तयार नाहीत. नवरा म्हणतो, एकदाचं खरं काय ते कळू दे. सुईमुळे बाळ जाण्याची शक्यता नेमकी किती असते?

उत्तर:

मी गेली अठरा वर्षं फीटल मेडिसिनमध्ये काम करते. तुमच्यासारखा रिपोर्ट हातात धरून आलेलं जोडपं आठवड्यातून दोन-तीनदा तरी समोर बसलेलं असतं. बहुतेकांचा गोंधळ एकाच ठिकाणी झालेला असतो. ‘हाय रिस्क’ या लाल अक्षरांचा अर्थ त्यांनी ‘बाळाला आजार आहे’ असा घेतलेला असतो. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

१:१८० म्हणजे तुमच्यासारखेच आकडे आलेल्या १८० जणी एका रांगेत उभ्या केल्या, तर त्यातल्या १७९ जणींच्या बाळाला डाऊन सिंड्रोम नसेल आणि एकीच्या बाळाला असेल. ती एक कोण, हे डबल मार्करला सांगता येत नाही, कारण ही तपासणी बाळाला हातच लावत नाही. तुमच्या रक्तातली वारेकडून आलेली दोन द्रव्यं मोजायची, सोनोग्राफीत बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी म्हणजे एनटी मोजायची, तुमचं वय घ्यायचं आणि या सगळ्यांवरून हिशेब मांडायचा, एवढंच ती करते. एनटी धरून नीट केली तर डाऊन सिंड्रोम असलेल्या दहापैकी साधारण नऊ गर्भ ती पकडते. पण त्यासाठी शंभरातल्या पाच निरोगी गरोदरपणांवरही ‘हाय रिस्क’चा शिक्का बसतो. हजार बायकांनी ही तपासणी केली तर पन्नासेक जणी माझ्यासारखीकडे येतात आणि त्यांच्यातल्या एक-दोन, फार तर तीन जणींच्या बाळाला प्रत्यक्षात दोष निघतो. बाकीच्यांच्या वाट्याला नुसते काळजीचे दिवस येतात. चाळणी तपासणीचं कामच असं असतं. ती पुढे कोणाला बघायचं ते सांगते, निदान करत नाही.

तुमच्या आकड्यात वयाचा वाटाही मोठा आहे. बाराव्या आठवड्याला पस्तिशीच्या बाईत नुसत्या वयामुळेच ही शक्यता सुमारे २५० मध्ये एक असते. पंचविशीत ती साडेनऊशेत एक असते आणि चाळिशीत ६८ मध्ये एक. म्हणजे रक्ताच्या आणि एनटीच्या निकालांनी तुमची शक्यता २५० वरून १८० वर आणली आहे, फार पुढे ढकललेली नाही. एनटी १.७ मिमी तर अगदी चांगली आहे. ती साडेतीनच्या वर असती, तर मी तुम्हाला वेगळंच काहीतरी सांगितलं असतं. त्याकडे पुढे येते.

दुसरं काही ठरवायच्या आधी एक काम करा. लॅबच्या रिपोर्टच्या पहिल्या पानावर जी माहिती भरली आहे ती शांतपणे वाचा: जन्मतारीख, वजन, सोनोग्राफीची तारीख, बाळाची लांबी म्हणजे सीआरएल, एनटीचा आकडा, गर्भ एक की दोन, गर्भधारणा नैसर्गिक की आयव्हीएफने. यातली एखादी चूक सगळा हिशेब बिघडवते आणि अशा चुका मी नेहमी पाहते. सगळ्यात जास्त दिसते ती दिवसांची चूक. या दोन द्रव्यांपैकी पॅप-ए आठवड्यागणिक झपाट्याने वाढतं आणि बीटा एचसीजी कमी होत जातं. लॅबने पाळीच्या तारखेवरून गर्भ खरा आहे त्याहून आठवडाभर मोठा धरला, तर पॅप-ए कमी आणि बीटा एचसीजी जास्त वाटतं. डाऊन सिंड्रोममध्ये नेमकं हेच चित्र दिसतं. सीआरएलवरून दिवस दुरुस्त केले की तो धोका कमी होतो.

आयव्हीएफची एक बाई मला चांगली आठवते. तिचं वय ३८ होतं आणि रिपोर्टवर १:१५० आलं होतं. पण तिचे गर्भ गोठवून ठेवलेले होते आणि बीजं ती ३४ वर्षांची असताना काढली होती. गुणसूत्रांच्या दृष्टीने बीजाचं वय मोजायचं असतं, बाईचं नाही. लॅबकडून फेरहिशेब करून घेतला तेव्हा तोच आकडा सुमारे १:४०० झाला. तुमच्या बाबतीत असं काही निघेलच असं नाही, पण बघायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

आता एनआयपीटीच्या ९९ टक्क्यांबद्दल. आईच्या रक्तात डीएनएचे बारीक तुकडे फिरत असतात आणि गरोदरपणात त्यातले साधारण दहा टक्के वारेतून आलेले असतात. डाऊन सिंड्रोममध्ये २१व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात, म्हणून त्या गुणसूत्राचे तुकडे अपेक्षेपेक्षा जास्त आहेत का, हे ती तपासणी मोजते. तपासणी खरोखर उत्तम आहे. डाऊन सिंड्रोम असलेल्या शंभरपैकी नव्याण्णव गर्भ ती ओळखते आणि निरोगी गर्भाला चुकून ‘पॉझिटिव्ह’ म्हणण्याचं प्रमाण हजारात एकाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी आहे. पण ‘शंभरातले नव्याण्णव ओळखते’ आणि ‘पॉझिटिव्ह आलं तर नव्याण्णव टक्के खरं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोक इथेच फसतात.

तुमचाच आकडा घेऊन हिशेब करू. १:१८० असलेल्या १८,००० बायका घ्या. त्यांच्यात १०० जणींच्या बाळाला डाऊन सिंड्रोम असेल. एनआयपीटी त्यातल्या ९९ ओळखेल, एक सुटेल. उरलेल्या १७,९०० निरोगी गर्भांपैकी हजारी एकप्रमाणे सुमारे १८ चुकून पॉझिटिव्ह येतील. म्हणजे एकूण ११७ पॉझिटिव्ह आणि त्यातले ९९ खरे. तुमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर तो खरा असण्याची शक्यता साधारण ८५ टक्के. दर सातांपैकी एका जोडप्याचं बाळ निरोगी असेल. आता याच १८,००० बायका पंचविशीच्या आहेत असं समजा. त्यांच्यात मुळात १९च बाळं बाधित असतील आणि चुकीचे पॉझिटिव्ह मात्र तेवढेच, अठराच्या आसपास. म्हणजे त्यांचा पॉझिटिव्ह रिपोर्ट नाणं उडवल्यासारखा, निम्मा खरा निम्मा खोटा. मशीन तेच, रसायनं तीच, फक्त बाई बदलली.

हिशेबाची दुसरी बाजू तुमच्या कामाची आहे. रिपोर्ट ‘लो रिस्क’ आला, तर तुमच्यासारख्या सुमारे १८ हजार जणींमध्ये एखाद्याच बाळाला डाऊन सिंड्रोम निघेल. १८० वरून १८,००० वर. म्हणून एनआयपीटीचा ‘नाही’ बराचसा विश्वासाने घेता येतो, तिचा ‘हो’ मात्र सुईने पडताळल्याशिवाय घ्यायचा नाही.

‘हो’ का चुकतो, याचं मुख्य कारण सुरुवातीला म्हटलं तेच: हा डीएनए वारेचा आहे, बाळाचा नाही. दोघांचा उगम एकाच गर्भपेशीतून होतो, पण पहिल्या काही दिवसांत वार होणाऱ्या पेशी वेगळ्या पडतात आणि कधीकधी गुणसूत्राची चूक फक्त त्या बाजूच्या पेशींत राहते. बाळ निरोगी, वार मात्र मिश्र. याशिवाय सुरुवातीला जुळं असून त्यातलं एक विरून गेलेलं असणं, आईच्याच काही पेशींत गुणसूत्रांचा फरक असणं आणि क्वचित आईला कळलेला नसलेला कर्करोग असणं, ही कारणंही नोंदली गेली आहेत.

वारेच्या अशा फसवणुकीचा एक प्रसंग मी विसरू शकत नाही. एकोणतीस वर्षांची मुलगी, पहिलंच गरोदरपण. डबल मार्करचा निकाल सीमेवरचा होता म्हणून कुणीतरी एनआयपीटी सुचवली आणि ‘ट्रायसोमी १३, हाय रिस्क’ असा रिपोर्ट आला. १३व्या गुणसूत्राच्या तीन प्रती असण्याचा हा आजार फार गंभीर असतो, बहुतेक बाळं वर्षभरही जगत नाहीत. घरच्यांनी इंटरनेटवर वाचलं आणि एका दवाखान्यात पुढच्याच आठवड्यात गर्भपाताची तारीख घेऊन टाकली. माझ्याकडे ती आली ती आईच्या हट्टामुळे, ‘एकदा कुणाला तरी विचारून घे’ म्हणून. मी सोनोग्राफी केली तेव्हा १५ आठवडे झाले होते. ट्रायसोमी १३ मध्ये मेंदू, चेहरा, हृदय, बोटं यांत बहुतेक वेळा काहीतरी दिसतंच. या बाळात काही नव्हतं. त्यातून तिच्या वयात हा आजार काही हजारांत एक, म्हणजे पॉझिटिव्ह रिपोर्ट खोटा असण्याचीच शक्यता जास्त. सोळाव्या आठवड्याला गर्भजल काढलं. तिसऱ्या दिवशी पहिला रिपोर्ट आला: दोनच प्रती, नॉर्मल. अडीच आठवड्यांनी सगळ्या गुणसूत्रांची तपासणी म्हणजे कॅरिओटाइपही नॉर्मल आलं. चूक वारेतच होती. अशी वार कधीकधी बाळाला पुरेसं पोसत नाही, म्हणून शेवटपर्यंत वाढीवर लक्ष ठेवलं. बाळ अडीच किलोचं आणि निरोगी जन्मलं.

एनआयपीटीच्या रिपोर्टवरून गर्भपाताचा निर्णय कधीही घेऊ नये, हे मी इतक्या ठामपणे सांगते ते अशा अनुभवांमुळे.

आता सुईकडे. आधी काय करतात ते सांगते, कारण भीती बरीचशी कल्पनेतली असते. सोनोग्राफीत बाळ कुठे आहे, वार कुठे आहे आणि पाण्याचा मोकळा कप्पा कुठे आहे ते बघतात. पोट जंतुनाशकाने पुसतात. पाठीच्या कण्यात भूल देताना वापरतात तशी बारीक, लांब सुई सतत पडद्यावर बघत पोटातून त्या कप्प्यात नेतात. पहिले एक-दोन मिली बाजूला टाकतात, कारण त्यात आईच्या पेशी मिसळलेल्या असू शकतात. मग पंधरा-वीस मिली पिवळसर पाणी काढतात. त्या वेळी गर्भाशयात साधारण दोनशे मिली पाणी असतं आणि काढलेलं पाणी लवकरच भरून निघतं. सुई आत असते ती जेमतेम एक-दोन मिनिटं. पाळीसारखी कळ येते. अर्धा तास बसायचं, बाळाचे ठोके पुन्हा बघायचे आणि घरी जायचं. पाण्यात बाळाच्या त्वचेच्या, लघवीच्या मार्गाच्या पेशी तरंगत असतात. त्यांच्यातली गुणसूत्रं मोजली की उत्तर ‘शक्यता’ या भाषेत येत नाही. तीन प्रती आहेत किंवा नाहीत, एवढंच येतं. चाळणी आणि निदान यांतला फरक हाच.

गर्भपाताचा धोका मात्र खरा आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण घरोघरी सांगितला जाणारा ‘शंभरात एक’ हा आकडा आला कुठून, ते बघू. १९८६ मध्ये डेन्मार्कमध्ये एक प्रसिद्ध चाचणी झाली. सुमारे ४,६०० धोका कमी असलेल्या बायकांना चिठ्ठी टाकल्यासारखं दोन गटांत विभागलं, निम्म्यांची गर्भजल तपासणी केली, निम्म्यांची नाही. तपासणी झालेल्यांत १.७ टक्के गर्भ गेले, न झालेल्यांत ०.७ टक्के. फरक एका टक्क्याचा. तोच आकडा पुढे चाळीस वर्षं पुस्तकांत आणि सल्ल्यांत फिरत राहिला.

या आकड्यांत मला महत्त्वाचा वाटतो तो दुसऱ्या गटाचा ०.७. सुई न टोचताही हजारातले सातेक गर्भ त्या टप्प्यावर जातातच. सुईनंतर आठवड्याने गर्भपात झाला तर जग सुईलाच दोष देतं, आणि ती बाई आयुष्यभर स्वतःला. पण त्यातले बरेच गर्भ सुईशिवायही गेले असते. म्हणून प्रश्न ‘सुईनंतर किती गेले’ असा न विचारता ‘सुईमुळे जास्तीचे किती गेले’ असा विचारावा लागतो.

तो फरक आज किती आहे? सोनोग्राफीची यंत्रं तेव्हापेक्षा कितीतरी स्पष्ट झाली, सुई पूर्ण वेळ डोळ्यांसमोर असते. २०१५ नंतर प्रसिद्ध झालेल्या मोठ्या संकलनांत जास्तीचा धोका हजारात एक ते तीन यांच्या दरम्यान निघाला आहे. ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या कॉलेजनेही २०२१ मध्ये अनुभवी हातांत तो अर्ध्या टक्क्याहून कमी असल्याचं म्हटलं. यात आणखी एक गोम आहे. गर्भजल तपासणीसाठी येणाऱ्या बायकांपैकी बऱ्याच जणींचं पॅप-ए कमी असतं आणि कमी पॅप-ए हेच वारेच्या अशक्तपणाचं, म्हणून गर्भ जाण्याच्या जास्त शक्यतेचंही लक्षण आहे. त्यांची तुलना सरसकट सगळ्या गरोदर बायकांशी केली की दोष सुईवर जातो. सारखीच जोखीम असलेल्यांशी तुलना केली तेव्हा फरक हजारात एकाच्या आसपास उरला. मी स्वतः जोडप्यांना सांगताना सावध बाजू धरते: तुमच्यासारख्या हजार बायकांना सुई टोचली, तर सातेक गर्भ तसेही जातील आणि सुईमुळे त्यात एक ते तीनांची भर पडेल.

मागच्या गर्भपाताबद्दल. नवव्या आठवड्यातला एखादा गर्भपात फार जणींच्या वाट्याला येतो आणि त्यातले निम्म्याच्या आसपास तर गुणसूत्रांतल्या योगायोगाच्या चुकीमुळेच होतात. सुईने धोका होतो तो पिशवीला पडलेल्या छिद्रातून पाणी गळल्याने, जंतुसंसर्गाने किंवा रक्तस्रावाने. त्या जुन्या गर्भपाताचा याच्याशी थेट संबंध नाही. सासूबाईंना हे असं समजावलं तर कदाचित पटेल. या गरोदरपणात रक्तस्राव झाला असेल, मोठी फायब्रॉइड असेल किंवा सुईच्या वाटेवरच वार पसरलेली असेल, तर मात्र करणाऱ्या डॉक्टरांना ते आधी सांगा.

एक चूक टाळा. भीतीपोटी ‘लवकर करून टाका’ म्हणून चौदाव्या आठवड्यात सुई टोचून घेऊ नका. तेव्हा पाण्याच्या पिशवीचे दोन पडदे एकमेकांना नीट चिकटलेले नसतात, सुईपुढे आतला पडदा तंबूसारखा मागे सरकतो. कॅनडात १९९८ मध्ये झालेल्या मोठ्या चाचणीत लवकर केलेल्या तपासणीनंतर गर्भपातही जास्त झाले आणि वाकड्या पावलांची बाळंही जास्त जन्मली. पंधरा आठवडे पूर्ण झाल्याशिवाय नाही, सोळावा-सतरावा उत्तम. त्याआधी वारेचा तुकडा काढून करायची सीव्हीएस ही तपासणी होते, पण तीही वारेचीच. ज्यांना आधी एनआयपीटी पॉझिटिव्ह आली आहे आणि सोनोग्राफी स्वच्छ आहे, त्यांना मी गर्भजलासाठी थांबायला सांगते, नाहीतर वारेचं खोटं वारेकडूनच पडताळल्यासारखं होतं.

आता तोलण्याबद्दल. खूप जोडपी दोन आकडे शेजारी ठेवतात. बाधित असण्याची शक्यता १८० मध्ये एक, सुईचा धोका पाचशेत एक, म्हणजे सुई बरी. किंवा उलट. पस्तिशीची जुनी मर्यादाही साधारण अशाच तुलनेतून आली होती. मला ही तुलना अपुरी वाटते, कारण तराजूच्या दोन पारड्यांत एकच वस्तू नाही. एकीकडे निरोगी असू शकलेलं बाळ गमावणं आहे, दुसरीकडे न कळता डाऊन सिंड्रोम असलेलं बाळ जन्माला येणं आहे. यातलं कोणतं दुःख किती जड, हे प्रत्येक घरात वेगळं असतं. सात वर्षं उपचार करून राहिलेल्या गर्भासाठी हजारात एकही नको म्हणणारी बाई मला समजते. पहिल्या मुलाला गंभीर अपंगत्व आहे आणि आता शंका सहनच होत नाही म्हणणारी बाईही समजते. दोघींचा आकडा १:१८० असू शकतो आणि दोघींचे उलटे निर्णय बरोबर असू शकतात.

म्हणून मी आकड्यांआधी एक प्रश्न विचारते, आणि नवरा-बायकोला वेगवेगळं उत्तर द्यायला सांगते: रिपोर्ट ‘हो’ आला तर तुम्ही काय कराल? काही जण म्हणतात, आम्ही गरोदरपण पुढे नेणार नाही. काही म्हणतात, काहीही असलं तरी हे बाळ आमचं. या दुसऱ्या जोडप्यांनाही काही वेळा कळून घ्यायचं असतं, कारण डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात दोष असतो आणि बाळंतपण कुठे करायचं हे आधी ठरवता येतं. पण त्यांना त्यासाठी सुईचीच गरज असते असं नाही. एनआयपीटी आणि विसाव्या आठवड्याच्या सुमाराची बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी म्हणजे फीटल एको त्यांचं बरंच काम करते. तुमच्या नवऱ्याला ‘खरं काय ते कळू दे’ असं वाटतं. कळल्यावर पुढे काय, हे तुम्ही दोघं बोलला आहात का? ते बोलणं झालं की सुईचा वाद बहुतेक वेळा आपोआप सुटतो.

तुमच्या जागी मी काय सुचवेन? एनटी चांगली, सोनोग्राफी स्वच्छ, आकडा १:१८०. मी आधी एनआयपीटी करायला सांगेन. निगेटिव्ह आली तर डाऊन सिंड्रोमची उरलेली शक्यता इतकी लहान होते की त्यासाठी सुईचा धोका घ्यायला मी सांगणार नाही. मात्र एक गोष्ट समजून घ्या. एनआयपीटी मुख्यतः २१, १८ आणि १३ या गुणसूत्रांच्या जास्तीच्या प्रती शोधते. गुणसूत्राचा लहानसा तुकडा गळालेला असणं, दुर्मिळ बदल, हे तिच्या जाळ्यातून सुटतं. गर्भजलावर मायक्रोअ‍ॅरे ही गुणसूत्रांची अधिक बारीक तपासणी केली तर त्यातलं पुष्कळ सापडतं. म्हणूनच एनटी साडेतीनच्या वर असते किंवा एखाद्या अवयवात दोष दिसतो, तेव्हा मी एनआयपीटीत वेळ घालवत नाही, सरळ गर्भजल काढून मायक्रोअ‍ॅरे सुचवते. तुमच्यात तसं काही नाही. तरी अ‍ॅनॉमली स्कॅनमध्ये काही दिसलं, तर ‘एनआयपीटी नॉर्मल होती’ म्हणून गप्प बसू नका, सुईचा विचार तेव्हा पुन्हा करावा लागेल.

आणि जर तुम्हा दोघांना नव्याण्णव टक्क्यांवर झोपच लागणार नसेल, तर एनआयपीटीचे पैसे खर्च न करता थेट सोळाव्या आठवड्यात गर्भजल करणं हाही पूर्ण योग्य रस्ता आहे. जिथे करणार तिथे विचारा, हे काम कोण करतं आणि वर्षाला किती करतं. रोजच्या हातांत आणि कधीतरीच्या हातांत फरक पडतो.

दिवसांचं गणित मात्र आजच मांडा. या आठवड्यात रक्त दिलंत तर एनआयपीटीचा रिपोर्ट साधारण आठ-दहा दिवसांत येईल, तेव्हा पंधरावा आठवडा लागत असेल. कधी वारेचा डीएनए चार टक्क्यांहून कमी निघतो आणि लॅब निकालच देत नाही. वजन जास्त असलेल्यांत हे जास्त घडतं. तेव्हा पुन्हा रक्त देण्यात आणखी दोन आठवडे जातात. पॉझिटिव्ह आली तर सोळाव्या-सतराव्या आठवड्यात गर्भजल, दोन-तीन दिवसांत मुख्य गुणसूत्रांचा झटपट रिपोर्ट आणि दोन ते तीन आठवड्यांत पूर्ण कॅरिओटाइप. म्हणजे एकोणिसावा-विसावा आठवडा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताच्या कायद्यात वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीस आठवड्यांत ठरावीक कारणांसाठी दोघांचं लागतं आणि गर्भातल्या गंभीर दोषाचं कारणही त्यात येतं. चोवीसनंतर अशा दोषासाठी वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. घाई करायची गरज नाही, पण ‘बघू पुढच्या महिन्यात’ एवढाही वेळ नाही.

फॉर्म भरताना गोंधळू नका. गर्भलिंगनिदान कायद्यामुळे सोनोग्राफीला आणि सुईला वेगवेगळे फॉर्म भरावे लागतात, सुईसाठी तुमची लेखी संमती लागते आणि रिपोर्टमध्ये मुलगा-मुलगी लिहिलं जात नाही. ऐंशीच्या दशकात याच गर्भजल तपासणीचा गैरवापर मुलींचे गर्भ पाडण्यासाठी झाला, म्हणून महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी कायदा केला. आजी लोकांच्या मनात ‘पाण्याची तपासणी’ म्हटलं की अजूनही तेच येतं. सासूबाईंचा विरोध निव्वळ सुईला आहे की त्या आठवणीलाही, हे एकदा विचारून बघा.

सुई झालीच तर दोन दिवस जड उचलू नका, बाकी दिवसेंदिवस अंथरुणावर पडून राहण्याने काही साधत नाही. थोडी कळ किंवा सुईच्या जागी दुखणं चालतं. ताप आला, रक्त गेलं किंवा योनीतून पाणी आलं तर रात्र असली तरी फोन करा. गळलेलं पाणी बहुतेक वेळा आपोआप थांबतं, पण ते बघावं लागतं. तुमचा रक्तगट निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल, तर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन घ्यावं लागतं. रक्तगटाचा कागद त्या दिवशी सोबत न्या.